बारा पस्तीसचं लग्न

माझं नाव समाधान, आणि आमच्या घरात सगळ्यांत जास्त कुरकुर करणारा माणूस मीच. हे मी नाही म्हणत, माझी बायको सविता म्हणते. शिंदखेड्याला माझा फोटो स्टुडिओ आहे, घर जवळच्याच खेड्यात. पूर्वी नुसते फोटो आणि शूटिंग करायचो, आता लग्न लाइव्हसुद्धा दाखवतो. पुण्या-सुरतेला नोकरीला गेलेली पोरं सुट्टी मिळत नाही म्हणून तिकडूनच मोबाइलवर अक्षता टाकतात. त्यामुळे नेटमधलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत माझ्या सख्ख्या पुतणीच्या लग्नात मोडली, ते बरंच झालं. दुसऱ्याच्या लग्नात मोडली असती तर लोकांनी मांडवाच्या खांबाला बांधलं असतं.

पुतणी म्हणजे साक्षी, माझ्या थोरल्या भावाची, भिकादादाची एकुलती एक. ती पहिलीत होती तेव्हा तिची आई गेली. आमची थोरली बहीण आक्काबाई तेव्हा विधवा होऊन, लहानग्या प्रशीलला घेऊन माहेरी आलेली. तिने एका मांडीवर प्रशील घेतला आणि दुसऱ्या मांडीवर साक्षी. पुढे प्रशील अमळनेरला नोकरीला लागला, तशी आक्का त्याच्याकडे राहायला गेली. साक्षी नर्स झाली, धुळ्याला दवाखान्यात लागली. पण सुट्टी मिळाली की पोरगी आधी अमळनेरची गाडी धरायची, मग बापाच्या गावाची. दादाला त्याचं वाईट वाटत नसे. तो म्हणायचा, आई तिकडे आहे तर तिकडेच जाणार.

आक्काचा आवाज म्हणजे आमच्या घराण्याची इस्टेट. लग्न असो की बारसं, त्रिसरण-पंचशील आक्का सांगणार आणि बाकीचे तिच्यामागून म्हणणार. माईकची गरज नाही. माझ्या लग्नात बौद्धाचार्यांनी स्वतःच माईक बाजूला ठेवून तिच्याकडे हात केला होता. साक्षीने तर सुपारी फुटायच्या आधीच व्याह्यांना सांगून टाकलं होतं की आत्याने त्रिसरण दिल्याशिवाय मी हार घालणार नाही. व्याही म्हणजे मुक्ताईनगरचे वनाभाऊ, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते नुसते हसले आणि हो म्हणाले.

लग्नाला पंधरवडा उरला असताना आक्का न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की महिनाभर हिला गाडीत घालायची नाही. साक्षी म्हणाली लग्न पुढे ढकला. आक्काने पलंगावरूनच तिला असं झापलं की पुढे तो विषय कुणी काढला नाही.

तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, काळजी कसली करता, मी बसलोय ना. आक्का अमळनेरहून मोबाइलवर दिसेल, तिचा आवाज मांडवातल्या भोंग्यावर येईल, आणि इकडचं सगळं तिला पलंगावर दिसेल. शूटिंग नंतर दाखवू, असं कोणीतरी म्हणालं, तर आक्का म्हणाली शिळी भाकर मी रोज खाते, लग्न ताजं पाहिजे. म्हणजे आता सगळा भार माझ्यावर.

आमच्या गावात वायरचं नेट आलेलं नाही. म्हणून मी गेल्या हिवाळ्यात गच्चीवर कंपनीचा पांढरा डबा बसवून घेतला होता. तो टॉवरकडे तोंड करून उभा असतो, मोबाइलसारखंच हवेतून नेट पकडतो आणि खाली घरात वायफाय देतो. प्रशीलकडे अमळनेरला वायरचं नेट, त्यामुळे त्या टोकाची काळजी नव्हती. मी उन्हाळ्याचा पहाटेच उठतो, पंख्याखाली पडून घामाने भिजण्यापेक्षा गच्ची बरी. तर एका पहाटे गच्चीवर उभं राहून मी नेटचा वेग मोजला. उतरणारं नव्वदच्या वर, आणि चढणारं, म्हणजे आपल्याकडून चित्र पाठवायला जे लागतं ते, बाराच्या आसपास. व्हिडिओ कॉलला दोन-तीन मिळालं तरी रगड. मी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला. सगळ्यांनी अंगठे पाठवले. प्रशीलने विचारलं, मामा, लग्नाच्या वेळेला एकदा मोजून पाहा. मी त्याला उत्तरसुद्धा दिलं नाही. भाच्याने मामाला धंदा शिकवायचा म्हणजे काय.

लग्नाची वेळ पत्रिकेत बारा पस्तीस. आता आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. बाबासाहेबांनी आम्हाला त्यातून सोडवलं. पण पत्रिका छापायला गेलं की छापखानेवाला विचारतो, वेळ काय टाकू, आणि आमच्या तोंडून आपोआप बारा पस्तीस निघतं. नुसते साडेबारा म्हटलं तर लग्न हलकं वाटतं. आणि बारा पस्तीस छापलेलं लग्न सत्कार आणि भाषणं होऊन लागतं तीनला, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

हळदीच्या दिवशी दुपारपासून पाहुणे यायला लागले. वऱ्हाड लांबून यायचं म्हणून त्यांनाही आदल्या दिवशीच बोलावलं होतं. दिवस मावळायच्या आत मुक्ताईनगरची बस आली आणि शाळेत त्यांचा जानोसा दिला. मी स्वतः फ्लेक्स छापून मांडवाच्या दारात लावला होता. साक्षीचा आणि जावईबापूंचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरात, पाहुण्यांसाठी मोफत वायफाय, सौजन्य समाधान फोटो स्टुडिओ, आणि पासवर्ड. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी वायफाय देणारं आमचंच पहिलं लग्न असेल. लोक फ्लेक्ससमोर उभे राहून पासवर्ड टाकत होते आणि मी बाजूला उभा राहून मिशीला ताव देत होतो.

हळद लागायला दिव्याची वेळ झाली. साक्षी पाटावर बसली, बायका गाणी म्हणायला लागल्या. ठरलं असं होतं की हळदही आक्काला दाखवायची, म्हणजे उद्याची तालीमही होईल. मी स्टँडवर फोन लावला, भोंग्याची वायर जोडली आणि प्रशीलला कॉल केला.

आक्का दिसली. उशा लावून बसवलेली, डोक्यावर पांढऱ्या साडीचा पदर. मांडवात टाळ्या पडल्या. तिने तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. चित्र थिजलं. मग आवाज आला तो तुकड्या-तुकड्यांनी, जसं पाण्यात तोंड बुडवून कुणी बोलतंय. मग पुन्हा चित्र, पुन्हा थिजलं. मी कॉल तोडून पुन्हा लावला. तेच. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिचा आवाज तेवढा नीट आला.

"समाधान, माले पोरनं तोंड दिखस नही रे. बठ्ठं चौकोन चौकोन व्हई जास."

पोरीचं तोंड दिसत नाही, सगळं चौकोन चौकोन होतंय, हे भोंग्यावर आलं, म्हणजे सगळ्या मांडवाने ऐकलं. साक्षीने हळदीचे हात मांडीवर ठेवले आणि खाली पाहत राहिली. बायकांचं गाणं थांबलं. मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पहिला राग मी पाहुण्यांवर काढला. माझ्या डब्याचं नेट ही मंडळी पीत बसलीत, त्या दिवशी क्रिकेटची मॅचही होती. मी आत गेलो आणि पासवर्ड बदलून टाकला. मांडवात एकदम गलका झाला. जळगावहून आलेला माझा साडू येऊन म्हणाला, नेट गेलं वाटतं. मी म्हणालो, गेलं. मग पुन्हा मोजलं. उतरणारं कसंबसं तीन, चढणारं अर्धंसुद्धा नाही. पासवर्ड बदलून फरक पडला तो न पडल्यासारखा. कारण वायफाय बंद झालं तसे सगळे आपापल्या सिमवर गेले होते, आणि ती सिमंही त्याच टॉवरवर. समोरच्या दाराने बाहेर काढलेले लोक मागच्या दाराने पुन्हा आत.

पण हे कळायला मला अजून वेळ होता. मी गच्चीवर चढलो, डब्याचं तोंड थोडं इकडे, थोडं तिकडे करून पाहिलं. डब्यावरचा दिवा हिरवागार. फोनवर काड्या पूर्ण. कंपनीला फोन लावला, तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, सर आपला सिग्नल उत्तम आहे. मी तिला काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचं खोटं नव्हतं, सिग्नल उत्तमच होता. काड्या एवढंच सांगतात की टॉवर तुमच्यापर्यंत पोचतोय. त्याच्या दारात किती जण रांगेत उभे आहेत ते काड्या सांगत नाहीत.

खाली आलो तर हॉटस्पॉटचा प्रयोग सुरू झालेला. जो तो खिशातून फोन काढून म्हणत होता, माझं नेट भारी आहे, माझ्यावर जोडा. दादाचा फोन जोडला, सविताचा जोडला, साडूचा जोडला. गावात नीट चालतात ती एकाच कंपनीची सिमं, दुसरीची रेंज वेशीपाशीच संपते. म्हणजे फोन कोणाचाही असो, वर जाऊन तोच टॉवर. साडू प्रत्येक वेळी म्हणत होता की जळगावला असं होत नाही. पाचव्यांदा म्हणाला तेव्हा सविताने मला हाताला धरून चुलीकडे नेलं, म्हणून प्रकरण थांबलं.

तेवढ्यात प्रशीलने साधा फोन केला, व्हिडिओ नसलेला. तो नीट लागला. आक्काला बोलायचं होतं. मी फोन कानाला लावला. ती चिडलेली नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं.

"राहू दे भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही सकाय लगन लावी ल्या. मी मंग फोटू देखसू."

मी म्हणालो, तू चिंता करू नको. पण माझ्या आवाजात दम नव्हता, आणि तिने तो लहानपणापासून ओळखलेला. तिने जेवलास का तेवढं विचारलं आणि फोन ठेवला. मला खरंच रडू आलं. चुलीच्या धुराचं निमित्त होतं, ते वापरून घेतलं.

साक्षी हळद धुऊन आत आली होती. तिने माझ्या हातातला फोन घेतला, वेगाचे आकडे पाहिले, आणि पहाटेचा मी ग्रुपवर टाकलेला फोटो काढून शेजारी धरला. हसलीच जरा.

"काका, टॉवर खराब नही शे," ती म्हणाली. "त्याना अंगवर आते बठ्ठं गाव शे."

मग तिने सांगितलं ते मला आठवायला हवं होतं, कारण मी इथेच होतो. कॉलेजं बंद होती त्या वर्षी ही पोरगी याच गच्चीवर बसून नर्सिंग शिकली. बापाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट आणि माझा जुना लॅपटॉप. संध्याकाळचा तास लागला की मास्तर अर्ध्या वाक्यात थिजायचे. तेव्हा तिने संध्याकाळचा नाद सोडला, आणि पहाटे उठून कालचे तास उतरवून ठेवायला लागली. तेच गाव, तोच टॉवर, पण पहाटे तो एकट्या तिच्यासाठी असल्यासारखा चालायचा.

मला एकदम शेतातली विजेची डीपी दिसली, तो खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. एका डीपीवर साऱ्या शिवाराच्या मोटरी. सगळ्यांनी एकदम चालू केल्या की व्होल्टेज पडतं आणि कुणाच्याच पाइपाला धड पाणी येत नाही. मोटर चांगली, वायर चांगली, विहिरीत पाणीही आहे. म्हणून तर आमचे लोक अवेळी उठून पाणी भरतात. हे आख्ख्या खान्देशाला कळतं, आणि मी नेटवाला माणूस डब्याचं तोंड फिरवत बसलो होतो. आणि मोजलं कधी, तर पहाटे, गाव झोपेत असताना.

मी विचारलं, मग दुपारी बारा पस्तीसला कसं असेल? साक्षी म्हणाली, मे महिना आहे, पोरांना सुट्ट्या आहेत, ऊन असं की कुणी घराबाहेर पडत नाही. सगळे सावलीला मोबाइल घेऊन बसतात. त्यात उद्या मांडवात पाचशे माणूस, आणि हार घालताना प्रत्येक जण फोन वर करून शूटिंग पाठवणार. म्हणजे संध्याकाळपेक्षा वाईट.

"मग?"

"काका, लगन सकायमाच लावा. आत्यानं तोंड माले दिखाले जोयजे, आणि मनं तिले."

तिने हे ओरडून नाही सांगितलं, हट्टानेही नाही. चहा जरा लवकर ठेवा म्हणावं तसं सांगितलं. पण दादा दारात उभा राहून ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरला. पत्रिकेत बारा पस्तीस छापलंय, तो म्हणाला, लोक काय म्हणतील, आणि वऱ्हाडाला हळदीच्या रात्री कसं सांगायचं की उद्या सकाळी सातला तयार होऊन बसा. नवऱ्याकडच्या माणसांना नुसता चहा उशिरा गेला तरी रुसतात, हे तर लग्नच लवकर. माझ्या भावाने आयुष्यात कुणाला दुखावलेलं नाही, आणि त्याचं निम्मं आयुष्य कुणी दुखावेल या भीतीतच गेलं आहे.

शेवटी आम्ही दोघे भाऊ शाळेत गेलो. वनाभाऊ पटांगणात खाटेवर बसले होते, समोर बट्टी-वरणाचं ताट, वांग्याची भाजी वाढलेली. मी बोलायला सुरुवात केली आणि माझा स्वभाव आडवा आला. मी टॉवर, चढणारं नेट, उतरणारं नेट असं सगळं सांगायला लागलो. वनाभाऊ बट्टी मोडून तूप घालत ऐकत राहिले. दादाने मला कोपराने ढोसलं आणि सरळ सांगितलं की पोरीची आत्या, जिने तिला वाढवलं, ती पलंगावर आहे, आणि सकाळच्या वेळेलाच तिला लग्न दिसू शकेल. बोलता बोलता दादाने हात जोडले.

वनाभाऊंनी हात धुतला. मला वाटलं झालं, आता रुसवा काढायला कुणाकुणाला बोलवावं लागेल याची मी मनात यादी करायला लागलो.

"आपल्यामधी मुहूर्त कुठी राह्यतो भाऊ?" ते म्हणाले. "मी जिंदगीभर पहाटची पहिली गाडी काढेल आहे. वऱ्हाड उठवायचं काम माझ्याकडं. तुम्ही फक्त चहा पोचवा."

दादाने त्यांना मिठी मारली. मी मारली नाही, पण मारावीशी वाटली. मग जागेवरच ठरलं. त्रिसरण, पंचशील आणि हार साडेसातला, आणि जेवण, सत्कार, भाषणं पत्रिकेप्रमाणे बारा पस्तीसपासून. बाहेरगावचे लोक एरवीही भाषणं संपता संपताच येतात, त्यांचं काही बुडत नव्हतं. बौद्धाचार्यांना फोन केला, ते म्हणाले, या उन्हात तुम्ही माझ्यावर उपकारच केले. घरच्या ग्रुपवर मी नवीन वेळ टाकली. साडूने लगेच विचारलं, नवीन पासवर्ड काय आहे.

सकाळ. मी उठलो तेव्हा मांडवात कापडी छताखालून गार वारा येत होता, असा वारा त्या महिन्यात एवढाच वेळ मिळतो. आधी गच्चीवर गेलो. पुन्हा नव्वदीच्या जवळ. जीव भांड्यात पडला. डब्याला आणि भोंग्याला इन्व्हर्टरची वायर जोडून ठेवली, वीज गेली तरी बेफिकीर. शाळेकडून वनाभाऊंच्या शिट्टीचा आवाज आला. खरंच शिट्टी, कंडक्टरची, ड्रायव्हरने कुठून पैदा केली कोण जाणे. आणि वऱ्हाड उठलं.

वऱ्हाड उठलं आणि घोटाळा झाला. मी सातच्या सुमाराला पुन्हा मोजलं, तर आकडा निम्म्यावर. थोड्या वेळाने त्याच्या निम्म्यावर. गाव अजून दूध काढण्यात आणि पाणी भरण्यात गुंतलेलं, गावाचा भार नव्हता. मग टॉवरवर चढलं कोण? मांडवात नजर टाकली तेव्हा समजलं. दीडशे-दोनशे पाहुणे, आंघोळ करून नटलेले, चहाचा कप एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या. काल रात्रीचे हळदीचे व्हिडिओ जे संध्याकाळी गेले नव्हते ते आता एकेकाच्या फोनमधून धडाधड जात होते. गावाने मोकळा सोडलेला टॉवर आमच्याच मांडवाने भरला होता.

मी माईक घेतला. आता मी चिडलो असतो तर सगळं बिघडलं असतं, आणि मी चिडणारच होतो. म्हणून माईक सविताने माझ्या हातातून काढून घेतला. ती म्हणाली, मंडळी, आमच्या नणंदबाई अमळनेरला पलंगावरून त्रिसरण देणार आहेत. त्यांचा आवाज येईपर्यंत सगळ्यांनी आपापल्या मोबाइलमधलं ते विमानाचं चिन्ह दाबा. फोटो काढा, खुशाल काढा, पण पाठवू नका. पाठवायला सगळा जन्म पडलाय.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. फोन बंद करा म्हणणं म्हणजे हल्ली चप्पल काढा म्हणण्यापेक्षा अवघड झालंय. पहिल्यांदा वनाभाऊ उठले. त्यांना ते चिन्ह सापडेना, म्हणून त्यांनी फोन सरळ बंदच केला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. नवरदेवाने आपला दाबला, तिथल्या तिथे वर करून दाखवला. मग पुरुषांच्या बाजूने एकेक फोन बंद होत गेला. बायकांच्या बाजूला सविता स्वतः ओळीओळीने फिरली. साक्षीच्या सासरच्या बायकांना फोन बंद करायला लावणं माझ्या हिमतीबाहेरचं काम, पण ती हसत हसत करून आली. त्या दिवशी दुपारी, बारा पस्तीसला, पाचशे माणसांनी मिळून तो टॉवर पार झोपवला आणि कुणाचंच स्टेटस जाईना, तेव्हा सगळे तक्रार घेऊन माझ्याकडे आले. मी म्हणालो सिग्नल उत्तम आहे. पण ते नंतरचं.

आकडा पुन्हा वर गेला. चढणारं नऊ. मी कॉल लावला.

आक्का आली. अशी आली की तिच्या कपाळावरची आठीसुद्धा मोजता यावी. मी टीव्हीचा मोठा पडदा बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवला होता, त्यावर ती बसली होती, स्वच्छ, न थिजता, पापण्या हलवत. आमच्याकडचं दिसतंय का, असं मी विचारण्याआधीच ती म्हणाली की समाधान, तुझ्या सदऱ्याचं बटण उघडं आहे. मांडव हसला. मी बटण लावलं, आणि एवढा आनंद मला आयुष्यात कोणी चूक काढल्यावर झाला नव्हता.

मेणबत्त्या लागल्या. साक्षी आणि जावईबापू पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे राहिले. बौद्धाचार्यांनी पडद्याकडे हात केला. आक्काने डोळे मिटले आणि सुरुवात केली. तिचा आवाज थोडा बसलेला होता, पडून पडून छाती भरली असणार. पण भोंग्यातून तो गावाच्या वेशीपर्यंत गेला. तिची एक ओळ, मग क्षणभर थांबून मांडवाची. आमचं म्हणणं तिच्यापर्यंत पोचून परत यायला पळभर वेळ लागत होता आणि ती जाणती बाई, बरोबर तेवढी थांबायची. कुठेही ओळ तुटली नाही.

हार घातले. फुलं पडली. सगळे मोठ्यांच्या पाया पडायला लागले तसं साक्षीने बापाच्या पायाला हात लावला, वनाभाऊंच्या लावला, आणि मग ती स्टँडपाशी आली, जिथे माझा फोन होता. मी स्टँड खाली केला. तिने हात जोडले आणि फोनसमोर डोकं टेकवायला वाकली. पडद्यावर आक्का पुढे झुकली, तिचा चेहरा मोठा मोठा झाला.

आणि पडदा काळा झाला.

नेमकं आत्ता. शिवी ओठावर आली, मांडवात कुणीतरी मोबाइल चालू केला असणार म्हणून मी मागे वळलोसुद्धा. फोनकडे हात नेला, तोडून पुन्हा लावावा म्हणून.

तेवढ्यात भोंग्यातून प्रशीलचा आवाज आला, दबका आणि अगदी स्पष्ट.

"मामा, तोडू नका. लाइन चालू शे. आईनी हात ठेवेल शे."

तेव्हा मला दिसलं. काळा नव्हताच तो, कडेला जरासा तांबूस उजेड होता, बोटांच्या फटींतून येणारा. आक्काने तिच्या हातातल्या फोनवर, जिथे साक्षीचं डोकं दिसत होतं तिथे, आपला तळवा ठेवला होता, आणि त्याखाली वरचा कॅमेराही झाकला गेला होता. साक्षी वाकलेलीच राहिली. ती मान वर करेना, आणि आक्का हात काढेना.

मी स्टँड धरून उभा राहिलो, आणि मांडवात कुणी मोबाइल चालू केला नाही.